पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हगवण: पार्वोमध्ये पहिला दिवस का महत्त्वाचा असतो?

काल दुपारपर्यंत अंगणात उड्या मारणारं पिल्लू संध्याकाळी भाकरीला तोंड लावत नाही. रात्री दोनदा पिवळसर फेसाची उलटी करतं. सकाळी पातळ हगतं आणि दुपारपर्यंत त्या हगवणीत रक्त दिसू लागतं. तिला एक वेगळाच, नाकात बसणारा कुजका वास येतो. लस न झालेल्या पिल्लात असं चित्र दिसलं, तर पहिला संशय पार्वोचा घ्यावा लागतो.

शिरूर आणि दौंड तालुक्यांत गावाबाहेरच्या वस्त्यांवर कुत्रं ही हौसेपेक्षा गरजेची गोष्ट आहे. शिरूर, जुन्नर, आंबेगाव आणि खेड या पट्ट्यात उसात बिबट्याचा वावर असतो. रात्री गोठ्याजवळ काही हललं की आधी कुत्रं भुंकतं. दौंडच्या ऊसपट्ट्यातल्या वस्त्यांवरही राखणीला कुत्रं लागतंच. म्हणून एक गेलं की पाहुण्यांकडून, शेजारच्या गावातून किंवा रस्त्यावरून दुसरं पिल्लू आणलं जातं. त्याला जंताचं औषध किंवा लस दिली आहे की नाही, हे बहुतेक वेळा कुणी विचारत नाही. पार्वोचे विषाणू नेमकी अशीच पिल्लं गाठतात.

या आजाराला आपल्याकडे ‘गॅस्ट्रो’ असंही म्हणतात. विषाणू थेट मारणारं औषध गावातल्या दवाखान्यात मिळत नाही, तरीही वेळेवर सलाईन मिळालेली बरीचशी पिल्लं वाचतात. उपचार न मिळालेल्या पिल्लांपैकी बहुतेक मरतात. हा फरक कशामुळे पडतो, ते समजून घेऊ.

पार्वो आला कुठून?

कुत्र्यांमधला हा आजार तसा नवा आहे. १९७८ च्या सुमारास तो पहिल्यांदा ओळखला गेला आणि दोन वर्षांत जगभर पसरला. मांजरांना होणाऱ्या एका जुन्या विषाणूशी त्याचं जवळचं नातं आहे. त्या काळी कुठल्याच कुत्र्याच्या शरीराला त्याची ओळख नव्हती, त्यामुळे मोठी कुत्रीही मेली. भारतात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची नोंद झाली. आता तो सगळीकडे आहे. मोठी कुत्री लसीमुळे किंवा लहानपणी आजार होऊन गेल्यामुळे तग धरतात. मरतात ती प्रामुख्याने दीड ते सहा महिन्यांची पिल्लं.

२०२२ च्या सुरुवातीला अमरावतीत पार्वोची साथ आली होती. लस न झालेली भटक्या कुत्र्यांची पिल्लं मोठ्या संख्येने दगावल्याच्या बातम्या तेव्हा देशभर झळकल्या. शिरूर किंवा दौंडच्या एखाद्या वस्तीवर एका वेताची चार-पाच पिल्लं आठवड्याभरात जातात, तेव्हा बातमी होत नाही. घरातले लोक ‘काहीतरी खाल्लं असेल’ किंवा ‘कुणी विष घातलं’ म्हणून विषय सोडून देतात.

शरीरात नेमकं काय होतं?

पार्वोच्या विषाणूला वाढण्यासाठी सतत नव्याने तयार होणाऱ्या पेशी लागतात. वाढत्या पिल्लाच्या शरीरात अशा दोन मोठ्या जागा असतात. एक आतड्याचं अस्तर आणि दुसरी हाडांतला मगज, जिथे पांढऱ्या पेशी बनतात.

आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात. अन्न आणि पाणी तिथूनच रक्तात शोषलं जातं. या उंचवट्यांवरच्या पेशी काही दिवसांत झिजून पडतात आणि खालून नव्या येतात. विषाणू त्या खालच्या, नव्या पेशी घडवणाऱ्या थरालाच मारतो. मग जुन्या पेशी गळतात, पण त्यांच्या जागी नव्या येत नाहीत. आतडं आतून सोललं जातं. पोटात गेलेलं पाणी शोषलं जात नाही, उलट अंगातलं पाणी, क्षार, प्रथिनं आणि रक्त आतड्यात झिरपतं. हगवणीतलं रक्त या सोललेल्या आतड्यातून आलेलं असतं.

त्याच वेळी मगजावरही हल्ला झालेला असतो, त्यामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात. आतड्यात एरवी निरुपद्रवी राहणारे जिवाणू त्या जखमी भिंतीतून रक्तात शिरतात आणि त्यांना अडवायला पांढऱ्या पेशीच पुरेशा उरलेल्या नसतात.

म्हणजे पिल्लू एकाच वेळी तीन गोष्टींनी खचतं. अंगातलं पाणी आणि क्षार संपतात, रक्तात जिवाणूंचा संसर्ग होतो आणि उपाशी राहिल्यामुळे साखर खाली जाते. बहुतेक पिल्लांचा जीव यांनीच जातो. आतड्याचं अस्तर मात्र काही दिवसांत पुन्हा भरून येऊ शकतं आणि शरीर विषाणूविरुद्ध स्वतःची शक्ती तयार करतं. उपचाराचं काम एवढंच, की ते दिवस पार पडेपर्यंत पिल्लाला जिवंत ठेवायचं.

सुरुवातीची लक्षणं कशी ओळखायची?

विषाणू पोटात गेल्यापासून साधारण तीन ते सात दिवसांत लक्षणं दिसतात. रक्त हे पहिलं लक्षण नसतं. पहिल्यांदा पिल्लू मलूल होतं, कोपऱ्यात जाऊन बसतं आणि खाणं सोडतं. मग उलट्या सुरू होतात. आधी खाल्लेलं पडतं, नंतर पांढरा किंवा पिवळा फेस. हगवण साधारण त्यानंतर काही तासांत ते एक-दोन दिवसांत लागते. आधी ती पिवळसर, चिकट असते आणि पुढे तिच्यात रक्त येतं. काही पिल्लांत रक्त दिसतच नाही, तरीही तो पार्वो असू शकतो. त्यामुळे ‘रक्त पडलं तर दवाखान्यात नेऊ’ असं ठरवून थांबणं म्हणजे हातातला चांगला वेळ घालवणं.

अंगातलं पाणी किती कमी झालंय, हे घरी तीन ठिकाणी पाहता येतं.

पहिलं, हिरड्या. ओठ वर करून हिरडीला बोट लावा. निरोगी पिल्लाची हिरडी ओली आणि गुलाबी असते. बोटाने दाबून सोडली की पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. ती चिकट, कोरडी लागली, फिकी दिसली किंवा रंग परतायला जास्त वेळ लागला, तर रक्ताभिसरण मंदावलं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच गावठी कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. तेव्हा डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग पाहावा.

दुसरं, कातडी. दोन खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलून सोडा. ती लगेच खाली बसली पाहिजे. हळूहळू बसली किंवा उभीच राहिली, तर पाणी बरंच कमी झालंय. फार हडकुळ्या पिल्लात ही खूण फसवी ठरते, म्हणून हिरड्यांवर जास्त भरवसा ठेवावा.

तिसरं, ऊब. पंजे आणि कान गार पडले असतील, तर वेळ फार थोडा आहे. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. पार्वोत सुरुवातीला ताप येऊ शकतो, पण आधी तापलेलं पिल्लू नंतर गार पडू लागलं, तर तो ताप उतरल्याचा आनंद मानू नये. ते अंग सोडत असल्याचं चिन्ह असतं.

रक्ताची हगवण म्हणजे पार्वोच का?

नाही. लहान पिल्लांत आकड्यासारख्या तोंडाचे अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितात आणि त्यामुळेही काळपट, रक्तमिश्रित हगवण होते. अशी पिल्लं फिकी पडतात, पण बहुतेकदा एकाएकी इतकी कोसळत नाहीत. उंदराचं विष, पोटात अडकलेलं हाड किंवा कापड, आतड्यात आतडं शिरणं यातही उलट्या किंवा रक्त दिसू शकतं. अनेकदा पार्वो आणि जंत एकाच पिल्लात एकत्र असतात.

पक्कं निदान चाचणीने होतं. कापसाच्या काडीवर विष्ठेचा नमुना घेऊन किटवर टाकला की दहा-पंधरा मिनिटांत पट्टी दिसते. ही किट अनेक खासगी दवाखान्यांत असते. चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली तर पार्वो धरून चालतात. ‘निगेटिव्ह’ आली म्हणून मात्र तो नाहीच, असं म्हणता येत नाही. आजाराच्या अगदी सुरुवातीला किंवा बरेच दिवस उलटल्यावर विष्ठेत विषाणू कमी असतो आणि पट्टी उमटत नाही. उलट, नुकतीच लस दिलेली असेल तर काही दिवस फिकी पट्टी येऊ शकते. म्हणून डॉक्टर वय, लस, लक्षणं आणि शक्य असल्यास रक्तातल्या पांढऱ्या पेशी यांची सांगड घालतात. किट मिळत नसेल, तरी सलाईन सुरू करायला निकालाची वाट पाहायची गरज नसते.

सलाईन किती लागतं? एक उदाहरण

समजा, दौंड तालुक्यातल्या एका वस्तीवर अडीच महिन्यांचं, चार किलोंचं पिल्लू आहे. सोमवारी संध्याकाळी त्याने खाणं सोडलं. रात्रभर उलट्या झाल्या. मंगळवारी सकाळी ते दवाखान्यात आलं, तेव्हा हिरड्या चिकट होत्या, डोळे किंचित आत गेले होते आणि कातडी हळूहळू खाली बसत होती. डॉक्टर अशा पिल्लात साधारण ८ टक्के पाणी कमी झालं आहे, असा अंदाज धरतात.

चार किलोंचे ८ टक्के म्हणजे ३२० मिलिलिटर. ऐकायला ते थोडंच वाटतं. पण कुत्र्याच्या अंगात रक्त असतं वजनाच्या साधारण ८ टक्के. म्हणजे या पिल्लाच्या अंगातलं सगळं रक्त मिळून जेवढं भरेल, जवळपास तेवढं पाणी एका रात्रीत शरीरातून गेलेलं आहे.

आता दिवसभराचा हिशोब. आधी झालेली तूट ३२० मिली. वाढत्या पिल्लाला एरवी दिवसाला लागणारं पाणी किलोमागे साधारण १०० मिली धरलं, तर ४०० मिली. उलट्या आणि हगवण अजून चालूच आहेत, त्यांतून जाणारं पाणी कमीत कमी १५० मिली धरू. एकूण झाले ८७० मिली. म्हणजे अर्ध्या लिटरच्या जवळपास दोन बाटल्या, चोवीस तासांत.

नेमकी इथेच बहुतेक ठिकाणी गफलत होते. पिल्लाला सकाळी नेतात, शंभर-दोनशे मिली सलाईन अर्ध्या-पाऊण तासात चढवतात आणि घरी परत आणतात. पिल्लू तासाभर मान वर करतं, घरच्यांना हायसं वाटतं. पण तूटच भरून निघालेली नसते आणि पुढचं पाणी जातच असतं. संध्याकाळी ते पुन्हा कोसळतं आणि लोक म्हणतात, ‘सलाईन लावूनही उपयोग झाला नाही.’ सलाईन निकामी ठरलेलं नसतं, ते अपुरं पडलेलं असतं.

घाईने सगळं चढवणंही चालत नाही. पिल्लू गार पडून धक्क्याच्या अवस्थेत असेल, तर डॉक्टर किलोमागे साधारण १५ ते २० मिली, म्हणजे या पिल्लाला ६० ते ८० मिली, पंधरा-वीस मिनिटांत देतात आणि पुन्हा तपासतात. बाकीचं संथपणे द्यायचं असतं. ८७० मिली चोवीस तासांत म्हणजे तासाला साधारण ३६ मिली. लहान मुलांना लावतात तो बारीक थेंबांचा सेट वापरला, तर त्यात ६० थेंबांचा एक मिली होतो. त्यामुळे मिनिटाला ३६ थेंब पडले की तासाला ३६ मिली जातं. दवाखान्यात पंप नसला तरी घड्याळ लावून हे मोजता येतं. वेग फार वाढला तर फुप्फुसात पाणी भरू शकतं आणि पिल्लू जोरजोरात श्वास घेऊ लागतं. हे आकडे फक्त या उदाहरणापुरते आहेत. प्रत्येक पिल्लाचा हिशोब डॉक्टर तपासून करतात आणि दर काही तासांनी बदलतात.

बाटली बहुतेकदा रिंगर लॅक्टेटची असते, म्हणजे दवाखान्यात ज्याला ‘आरएल’ म्हणतात ते. त्यात रक्ताशी मिळतेजुळते क्षार असतात. गरजेप्रमाणे डॉक्टर त्यात ग्लुकोज आणि पोटॅशियम मिसळतात. नुसतं ग्लुकोजचं पाणी ही तूट भरून काढत नाही. पोटॅशियमचं प्रमाण चुकलं तर हृदय बंद पडू शकतं, म्हणून ते घरी कधीही मिसळू नये.

शिरेतच का? कातडीखाली दिलं तर?

पाणी फार कमी झालेल्या पिल्लात कातडीकडे जाणारं रक्तच आटलेलं असतं. तिथे टोचलेलं सलाईन फुग्यासारखं तसंच साठून राहतं. म्हणून पहिली भरपाई शिरेतून करावी लागते. उशीर झाला की शिरा बसतात आणि सुई लागणं कठीण होतं. लवकर न्यावं असं सांगण्यामागचं हे एक अगदी साधं कारण आहे.

पण चार-पाच दिवस दवाखान्यात ठेवणं प्रत्येकाला परवडत नाही आणि तालुक्याच्या ठिकाणी रात्रभर जनावर ठेवण्याची सोयही सगळीकडे नसते. या प्रश्नावर अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाने काम केलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी पार्वो झालेल्या ४० कुत्र्यांचे दोन गट केले. सगळ्यांना आधी शिरेतून सलाईन देऊन सावरलं. मग एका गटाला पूर्ण वेळ शिरेतून उपचार दिले. दुसऱ्या गटाला घरी देता येतील असे उपचार दिले, म्हणजे दिवसातून तीनदा कातडीखाली सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन आणि दीर्घकाळ टिकणारं प्रतिजैविक. पहिल्या गटातली ९० टक्के कुत्री वाचली, तर दुसऱ्या गटातली ८० टक्के.

दाखल करणंच सर्वांत चांगलं, पण ते शक्य नसेल तर ‘आता काही होणार नाही’ म्हणून पिल्लू घरी आणायचं कारण नाही, हे या आकड्यांवरून दिसतं. आधी शिरेतून सावरून घ्यायचं आणि मग डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे दिवसातून तीन वेळा कातडीखाली सलाईन द्यायचं, हा मधला मार्ग आहे. त्या अभ्यासात साखर, तापमान आणि पाण्याची पातळी रोज तपासली जात होती, हे मात्र विसरता येत नाही. दिवसातून एकदा तरी पिल्लू डॉक्टरांना दाखवावं लागतं आणि ते ढासळलं, तर पुन्हा शिरेतून सलाईन लावावं लागतं.

सलाईनबरोबर आणखी काय दिलं जातं?

उलट्या थांबवणारं इंजेक्शन दिल्याने पाणी वाया जाणं कमी होतं आणि पिल्लू लवकर खाऊ शकतं. प्रतिजैविकं विषाणूला मारत नाहीत. ती आतड्यातून रक्तात शिरणाऱ्या जिवाणूंसाठी असतात. जंताचं औषध उलटी थांबल्यावर देतात.

पूर्वी ‘उलटी पूर्ण थांबेपर्यंत तोंडाने काहीच नको’ असा नियम होता. २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत झालेल्या एका अभ्यासाने तो सैल केला. उपचाराच्या पहिल्या दिवसापासून नळीने थोडं थोडं अन्न दिलेली पिल्लं उपाशी ठेवलेल्यांपेक्षा लवकर सावरली आणि त्यांचं वजनही वाढलं. आतड्याच्या पेशींना पोषण आतड्यातूनही लागतं. म्हणून उलट्या आटोक्यात आल्या की डॉक्टर उकडलेल्या चिकनचं पातळ पाणी, मऊ भात असं चमचा-दोन चमच्यांनी सुरू करायला सांगतात. दूध देऊ नये. सोललेल्या आतड्याला ते पचत नाही आणि हगवण वाढते.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत घरी काय करावं?

पिल्लाला कोरड्या गोणपाटात किंवा जुन्या चादरीत गुंडाळून उबदार ठेवावं. ते अगदी गळून गेलं असेल, तर बोटाला साखरेचं पाणी किंवा मध लावून हिरडीवर चोळावं. शुद्धीवर नसलेल्या किंवा सारखं ओकणाऱ्या पिल्लाच्या तोंडात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. उलट्या नसतील आणि नुसती पातळ हगवण असेल, तर वाटेत ओआरएसचं पाणी चमच्याचमच्याने पाजता येतं. उलट्या चालू असताना ते पोटात टिकत नाही.

माणसांची हगवण थांबवणारी गोळी देऊ नये, कारण त्यामुळे विषारी घाण आतच अडकते. तापासाठी पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन अजिबात नको. पाणी आटलेल्या कुत्र्याच्या मूत्रपिंडाला, यकृताला आणि पोटाला ही औषधं घातक ठरू शकतात.

निघताना तीन गोष्टी सांगायला तयार ठेवाव्यात. पहिली उलटी कधी झाली, कुठलं इंजेक्शन कधी दिलं होतं आणि वजन किती आहे. वजनकाट्यावर पिल्लाला घेऊन उभं राहावं आणि मग एकट्याने. दोन्हींतला फरक म्हणजे पिल्लाचं वजन. त्यावरच सलाईनचा सगळा हिशोब ठरतो.

शिरूरहून पुणे साठ-सत्तर किलोमीटर आहे आणि दौंडहून त्याहून जास्त. ‘थेट पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेऊ’ असं म्हणून गाडीची वाट पाहण्यात अर्धा दिवस जात असेल, तर आधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सुई लावून सलाईन सुरू करावं आणि मग पुढे न्यावं. निघण्याआधी फोन करून ‘पार्वोचा संशय आहे’ हे सांगावं, म्हणजे पिल्लाला इतर कुत्र्यांपासून वेगळं ठेवता येतं. सरकारी फिरत्या पशुचिकित्सा पथकांसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. ही सेवा मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांसाठी आहे, तरी जवळचा डॉक्टर कुठे उपलब्ध आहे, हे विचारायला तिथे फोन करता येतो.

‘इंजेक्शन तर दिलं होतं’, मग पार्वो कसा झाला?

गावात सरकारी शिबिरातून कुत्र्यांना मिळणारं इंजेक्शन बहुतेक वेळा रेबीजचं असतं. ते गरजेचंच आहे, पण त्याचा पार्वोशी काही संबंध नाही. पार्वोची लस वेगळी असते आणि सहसा डिस्टेंपरसारख्या आजारांबरोबरच्या एकत्रित लसीत मिळते. दवाखान्यात तिला ‘सेव्हन इन वन’ किंवा ‘नाइन इन वन’ म्हणतात. पुस्तिकेवर लसीच्या बाटलीचं लेबल चिकटवलेलं आहे का, हे पाहिलं की खरं काय दिलं होतं ते कळतं.

दुसरं कारण म्हणजे एकच डोस देऊन थांबणं. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला तयार संरक्षण मिळतं. ते आठवड्यागणिक कमी होत जातं. अडचण अशी, की उरलेलं संरक्षण विषाणूला अडवण्याइतकं नसलं तरी लसीला निकामी करण्याइतकं असू शकतं. प्रत्येक पिल्लात ते कधी संपेल, हे सांगता येत नाही. कुणाचं दोन महिन्यांत संपतं, तर कुणाचं चार महिन्यांपर्यंत टिकतं. म्हणून पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांना देतात, नंतर दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा आणि शेवटचा सोळा आठवड्यांना किंवा त्यानंतर. पुढे एक बूस्टर. हा शेवटचा, चार महिन्यांचा डोस सर्वांत महत्त्वाचा आणि नेमका तोच सर्वांत जास्त चुकतो. वर उदाहरणात आलेल्या अडीच महिन्यांच्या पिल्लाला दीड महिन्याचं असताना एक डोस मिळालेला असता, तरी ते सुरक्षित आहे असं धरता आलं नसतं.

पिल्लू गेलं किंवा बरं झालं, पुढे काय?

पहिले तीन-चार दिवस पार करणारी पिल्लं बहुतेकदा वाचतात आणि त्यांना पुढे दीर्घकाळ संरक्षण राहतं. पण बरं झाल्यावरही साधारण दोन आठवडे त्यांच्या विष्ठेतून विषाणू पडू शकतो. तोवर इतर पिल्लांपासून त्यांना दूर ठेवावं.

हा विषाणू माणसाला होत नाही. चप्पल, कपडे, हात, ताटली यांवरून मात्र तो एका वस्तीवरून दुसरीकडे जातो. घरात तो महिनाभर आणि त्याहूनही जास्त टिकतो, तर सावलीच्या ओलसर जागी कित्येक महिने. गोठ्याचा कोपरा किंवा पाचटाचा ढीग या अशाच जागा आहेत. फिनाईलने पुसलं की वास जातो, पण पार्वो राहतो. त्याला क्लोरीन लागतं. ब्लीच असेल तर एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी घ्यावं. ग्रामपंचायत पाण्यात टाकते ती टीसीएल पावडर असेल, तर दहा लिटरच्या बादलीला साधारण १०० ग्रॅम ताजी पावडर कालवून वरचं पाणी वापरावं. उघडी राहिलेली जुनी पावडर निष्प्रभ झालेली असते. आधी घाण आणि माती साबणाने धुऊन काढावी, कारण घाणीवर क्लोरीन वाया जातं. नंतर फरशी किमान दहा मिनिटं ओली राहू द्यावी. क्लोरीनमध्ये फिनाईल किंवा ॲसिड मिसळू नये.

मातीच्या अंगणाचं निर्जंतुकीकरण होत नाही. वरची घाण उचलून पुरावी, जागा उन्हाला मोकळी करावी आणि तिथे लगेच नवं पिल्लू आणू नये. बहुतेक वस्त्यांवर पुढच्या महिन्यातच दुसरं पिल्लू येतं आणि त्याच कोपऱ्यात झोपतं. राखणीला कुत्रं लगेच हवंच असेल, तर लसीचे सगळे डोस झालेलं मोठं कुत्रं आणावं. पिल्लूच आणायचं असेल, तर चार महिन्यांचा डोस होऊन एक-दोन आठवडे उलटल्यावरच त्याला त्या अंगणात सोडावं.